ॲप म्हणतं अपडेट करा, प्ले स्टोअर म्हणतं Open: या चकव्यात फोन सापडतो कसा?

नागपुरात सीताबर्डीवरच्या कुठल्याही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात थोडा वेळ उभं राहिलं की ही तक्रार हमखास ऐकू येते. "भाऊ, बँकेचं ॲप उघडूनच नाही राहिलं. अपडेट मागते. अपडेटवर दाबलं तर प्ले स्टोअर उघडते, आन् तिथं अपडेटचं बटणच नाही, नुसतं Open लिहून आहे. Open दाबलं का पुन्हा तेच." दुकानातला पोरगा बहुतेक वेळा ॲप काढून टाकतो आणि पुन्हा टाकतो. कधी काम होतं, कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी ते ॲप त्या फोनवर परत येतच नाही. मग गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघंही एकमेकांकडे बघत राहतात.

या चकव्यात फोन बिघडलेला नसतो. तुमच्या फोनला ॲपची कोणती आवृत्ती द्यायची, हे प्ले स्टोअर ठरवतं. कोणत्या आवृत्तीला आत येऊ द्यायचं, हे ॲप बनवणारी कंपनी आपल्या सर्व्हरवरून ठरवते. हे दोन निर्णय वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेगाने होतात आणि त्यांचा आपापसात मेळ बसलेलाच असेल असं नाही. दोन्ही बाजू एकेक करून पाहू.

फोन झोपलेला असताना काय चालतं

प्ले स्टोअर साधारण दिवसातून एकदा तपासतं की तुमच्या फोनवरच्या कोणत्या ॲपची नवी आवृत्ती आली आहे. सापडली तर ते ॲप रांगेत लागतं. पण रांगेत लागलं म्हणजे लगेच अपडेट झालं असं नाही. मूळ सेटिंग न बदललेल्या फोनवर चार गोष्टी जुळून याव्या लागतात: फोन वाय-फायवर हवा, चार्जिंगला लावलेला हवा, कोणी वापरत नसावा आणि ज्या ॲपचं अपडेट आहे ते त्या क्षणी समोर उघडं नसावं.

आता आपल्याकडच्या घरांचा विचार करा. महाल, सक्करदरा, जरीपटका, कुठेही जा, असंख्य घरांत वाय-फाय नाहीच. सगळा कारभार सिमच्या डेटावर चालतो. फोन दिवसा दुकानात गल्ल्याशेजारी चार्ज होतो, तेव्हा तो सतत हातात असतो. रात्री उशाशी व्हिडिओ चालू असतो आणि चार्जर दुसऱ्या खोलीत. म्हणजे चारही अटी एकाच वेळी जुळल्या असा क्षण महिनोन् महिने येत नाही. "माझं ऑटो-अपडेट चालू आहे" असं माणूस शपथेवर सांगतो आणि ते खरंही असतं, पण ते चालू असूनही कधी घडलेलं नसतं. पाहायचं असेल तर प्ले स्टोअरमध्ये वर उजवीकडे आपल्या चित्रावर दाबा, मग Settings, मग Network preferences, मग Auto-update apps. तिथे फक्त वाय-फायवर की कुठल्याही नेटवर्कवर, हे निवडता येतं. एकाने दुसऱ्याला हॉटस्पॉट दिला तरी नेहमी भागत नाही, कारण फोनचा हॉटस्पॉट हा मोजून मिळणारा डेटा आहे हे अँड्रॉइड पुष्कळदा ओळखतं आणि त्याला वाय-फायच्या अटीत धरत नाही.

चार्जिंगची अट कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. नवी आवृत्ती आली की प्ले स्टोअर सहसा पूर्ण ॲप पाठवत नाही, जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फक्त फरक पाठवतं. पुस्तकाची नवी प्रत पाठवण्याऐवजी चार पानी शुद्धिपत्रक पाठवावं आणि वाचणाऱ्याने घरच्या प्रतीत दुरुस्त्या करून घ्याव्यात, तसं. गूगलने 2016 च्या डिसेंबरमध्ये हे शुद्धिपत्रक आणखी आखूड करण्याची एक पद्धत आणली. त्या वेळी दिलेल्या उदाहरणांत नेटफ्लिक्सचं 16.2 एमबीचं ॲप होतं आणि त्याचा फरक अवघ्या 1.2 एमबीत गेला. मात्र बचत झाली डेटाची, मेहनत पडली फोनच्या माथी. जुनी दाबून बांधलेली फाइल उलगडायची, तिच्यात फरक घालायचा आणि पुन्हा हुबेहूब तशीच बांधायची, हे सगळं फोनच्या प्रोसेसरला करावं लागतं. म्हणूनच गूगलने तेव्हा ही पद्धत फक्त मागच्या मागे होणाऱ्या अपडेटपुरती ठेवली, म्हणजे फोन चार्जरला लावून माणूस झोपलेला असेल त्या वेळेपुरती.

फाइल तयार झाली की फोन ती थेट जुन्यावर लिहीत नाही. आधी बाजूला ठेवून तपासतो. पॅकेजचं नाव, म्हणजे ॲपची आतली ओळख, तेच आहे का? आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक आधीपेक्षा कमी तर नाही ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवी फाइल जुन्यासारख्याच डिजिटल सहीची, म्हणजे त्याच कंपनीची आहे का? तिन्ही बरोबर असेल तरच अदलाबदल होते: चालू असलेलं ॲप बंद केलं जातं, जुना कोड जातो, नवा येतो. तुमचा डेटा, लॉगिन आणि सेटिंग वेगळ्या जागी असतात, त्यांना हात लागत नाही. अदलाबदलीच्या या क्षणी जुनं आणि नवं दोन्ही फोनवर असतं, त्यामुळे 20 एमबीच्या अपडेटला 20 एमबी जागा पुरत नाही. 32 जीबीचा फोन लग्नांच्या व्हिडिओंनी गच्च भरलेला असेल तर अपडेट इथेच अडतं. रात्री अडलेलं असलं तर त्याचा कोणाला पत्ताही लागत नाही.

सगळ्यांना एकाच दिवशी मिळत नाही

प्ले स्टोअरवर अपडेट टाकताना कंपनी ठरवू शकते की आधी शंभरातल्या पाच जणांना द्या, मग वीस, मग पन्नास. यामागे कंजूषपणा नाही. 2021 च्या मार्चमध्ये गूगलच्याच अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू या, ॲपच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या घटकाच्या एका अपडेटमुळे जगभर जीमेलसह कित्येक ॲप उघडताक्षणी बंद पडू लागली होती. असा दोष पाच टक्के फोनांवर कळला तर उरलेले पंच्याण्णव वाचतात.

यात दोन बारकावे आहेत. कोणाला आधी मिळणार हे प्ले स्टोअर आपोआप निवडतं, कंपनी माणूस पाहून ठरवत नाही. म्हणून एकाच घरात नवऱ्याच्या फोनवर नवी आवृत्ती आणि बायकोच्या फोनवर जुनी, असं सर्रास दिसतं. दुसरा बारकावा असा की तुम्ही त्या वीस टक्क्यांत नसाल तर प्ले स्टोअर उघडून कितीही खाली ओढलंत तरी अपडेटचं बटण येणार नाही. तुमच्यापुरती ती आवृत्ती अजून जन्मालाच आलेली नाही.

आयफोनवर हे थोडं निराळं आहे. तिथे टप्प्याटप्प्याने द्यायचं म्हटलं तर सात दिवसांचं ठरलेलं वेळापत्रक असतं: 1, 2, 5, 10, 20, 50 आणि मग 100 टक्के. पण ही मर्यादा आपोआप होणाऱ्या अपडेटलाच आहे. माणसाने ॲप स्टोअर उघडून स्वतः दाबलं तर त्याला पहिल्याच दिवशी मिळतं. त्यामुळे हा विशिष्ट चकवा आयफोनवर कमी दिसतो. माझ्या मते ॲपलची ही सोय जास्त शहाणपणाची आहे, मागणाऱ्याला नाही म्हणण्यात कोणाचंच भलं नसतं.

दार अडवणारा कोण

आता दुसरी बाजू. ॲप उघडल्यावर पहिल्या सेकंदात ते आपल्या सर्व्हरला विचारतं की किमान कोणती आवृत्ती चालेल. सर्व्हर एक आकडा पाठवतो. मग ॲपमध्ये फारसं काही नसतं, ही एवढी तुलना असते:

```
installed = 412
minimum = 430
if (installed < minimum) showUpdateScreen()
```

पडद्यावर आपल्याला आवृत्ती 4.1.2 अशी दिसते, पण फोन आणि स्टोअर तिला विचारत नाहीत. ते आतला साधा पूर्णांक पाहतात, जो प्रत्येक नव्या आवृत्तीला वाढवावाच लागतो. काही ॲप बनवणारे मात्र तुलना दिसणाऱ्या नावाचीच करतात, तीही अक्षरांप्रमाणे. अक्षरांच्या क्रमाने पाहिलं तर "4.10" हे "4.9" च्या आधी येतं, कारण 1 हा 9 च्या आधी. परिणाम असा की ज्याने इमानदारीने 4.10 घेतली त्यालाच ॲप म्हणतं, तुमची आवृत्ती जुनी आहे, 4.9 घ्या. वरवर हसण्यासारखी ही चूक खरोखर होते.

कंपन्या दार अडवतात ते दरवेळी उगाच नसतं. जुन्या ॲपमध्ये सुरक्षेचं भगदाड सापडलेलं असतं. किंवा सर्व्हरची जुन्या ॲपशी बोलण्याची पद्धत बंद होणार असते आणि जुनं ॲप पैसे पाठवायचा प्रयत्न करेल तर अर्धवट अडकेल. पैशाच्या ॲपमध्ये अर्धवट अडकण्यापेक्षा न उघडलेलं बरं. एखाद्या बातम्यांच्या ॲपने मात्र नव्या रंगासाठी सकाळी सकाळी दार बंद करावं, हे मला निव्वळ उद्धटपणाचं वाटतं.

सर्व्हरला न विचारताही दार बंद होऊ शकतं. व्हॉट्सॲपच्या प्रत्येक आवृत्तीत तिची मुदत लिहिलेली असते आणि ती संपली की ॲप स्वतःच अपडेट मागतं. ही मुदत फोनच्या घड्याळावरून मोजली जाते. फोनची तारीख चुकून भलतीच पुढे गेली असेल तर ताजं व्हॉट्सॲपही "जुनं झालं" म्हणून अडतं. तारीख दुरुस्त केली की काम झालं.

एक उदाहरण, सोमवार ते शुक्रवार

समजा नागपुरातल्या एका पतसंस्थेचं ॲप आहे. सगळ्यांकडे 412 क्रमांकाची आवृत्ती आहे. सोमवारी कंपनी 430 प्ले स्टोअरवर टाकते. गूगलची तपासणी होते, तिला काही तास लागतात, कधी काही दिवस. बुधवारी ती मंजूर होते आणि कंपनी सावधपणे वीस टक्के लोकांना देते.

गुरुवारी कोणीतरी सांगतं की 412 मध्ये पिन साठवण्यात दोष आहे. घाई होते. सर्व्हरवरचा किमान आकडा 430 करायला एका माणसाला अर्धा मिनिट पुरतो, ना तपासणी ना रांग. तो करतो. त्याच वेळी प्ले स्टोअरवर प्रसार वीस टक्क्यांवरच उभा आहे, कारण तो वाढवण्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी सकाळी इतवारीतला एक किराणा दुकानदार ॲप उघडतो. ॲप: तुमची 412, हवी 430. अपडेटवर दाबतो. प्ले स्टोअर: तुमच्यासाठी सगळ्यात नवी 412 आहे, Open. त्याचा शेजारी त्या वीस टक्क्यांत आहे आणि त्याचं ॲप मजेत चाललं आहे. दुकानदाराला वाटतं आपलाच फोन खराब. पतसंस्थेच्या शाखेतला कारकून स्वतःचा फोन दाखवून म्हणतो, "आमच्याकडे तर चालू आहे बुवा," आणि तोही खरंच बोलत असतो.

इथे दुकानदाराने करण्यासारखं जवळजवळ काही नाही. कंपनीने एक तर प्रसार शंभर टक्के करायचा, नाही तर किमान आकडा पुन्हा 412 वर आणायचा. योग्य क्रम उलटा आहे: आधी सगळ्यांना उपलब्ध करायचं, काही दिवस जाऊ द्यायचे, मग दार बंद करायचं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे ॲपने दार अडवण्याआधी प्ले स्टोअरलाच विचारणं की या फोनसाठी खरोखर नवी आवृत्ती आहे का. गूगलने त्यासाठी सोय दिली आहे. उत्तर हो आलं तर ॲपच्या आतच पूर्ण पडद्यावर अपडेट सुरू होतं, नाही आलं तर ॲप निदान खरं सांगू शकतं की "तुमच्या फोनसाठी अजून आलेली नाही, उद्या पाहा."

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. 430 मध्येच नवा घोटाळा निघाला तर कंपनी प्रसार थांबवू शकते, पण ज्यांच्याकडे 430 गेली त्यांना प्ले स्टोअरवरून 412 परत देता येत नाही, कारण फोन मागचा क्रमांक स्वीकारत नाही. जुनाच कोड घेऊन त्याला 431 क्रमांक द्यायचा आणि पुन्हा तपासणीच्या रांगेत उभं राहायचं, एवढाच रस्ता उरतो.

तुमच्या फोनवर नेमकं काय झालंय, हे कसं ओळखायचं

आधी घरातला किंवा ओळखीतला दुसरा फोन घ्या, ज्यावर तेच ॲप चालतंय. दोन्हीकडे फोनच्या Settings मध्ये Apps, मग ते ॲप, आणि अगदी खाली आवृत्ती लिहिलेली असते. त्याच्याकडे नवी आणि तुमच्याकडे जुनी असेल, तर दोन शक्यता राहतात.

पहिली म्हणजे वर सांगितलेला टप्प्यांचा प्रकार. कधी कधी प्ले स्टोअर जुनीच यादी धरून बसलेलं असतं, तेव्हा Settings मधून Google Play Store च्या Storage मध्ये जाऊन Clear cache करा. त्याने काही बिघडत नाही. मग प्ले स्टोअरमध्ये आपल्या चित्रावर दाबून Manage apps & device मधून अपडेट पुन्हा शोधा. तरी नाही आलं तर एखादा दिवस थांबणं आणि कंपनीला कळवणं, एवढंच. या प्रकारात ॲप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही, बहुतेक वेळा तीच 412 परत येते.

दुसरी शक्यता जुन्या फोनची. नवी आवृत्ती अँड्रॉइड 10 च्या पुढेच चालेल असं कंपनीने ठरवलं असेल आणि तुमचा फोन अँड्रॉइड 9 वर असेल, तर प्ले स्टोअर ती तुम्हाला दाखवणारच नाही. ते तुम्हाला चालेल अशी शेवटची आवृत्ती धरून बसतं आणि Open म्हणतं. इकडे सर्व्हरला तुमच्या अँड्रॉइडशी देणंघेणं नाही, त्याला 430 हवी. हा चकवा थांबून सुटत नाही. ओळखायची खूण अशी: चालणाऱ्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या About this app मध्ये खाली किमान अँड्रॉइड दिलेलं असतं, ते तुमच्या फोनच्या About phone मधल्या आकड्याशी ताडून पाहा. तुमचा कमी असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीने अँड्रॉइडचं अपडेट दिलंय का, हे बघायचं. ते नसेल तर त्या फोनवर हे ॲप आता चालणार नाही, ब्राउझरमधून नेटबँकिंग किंवा शाखा.

याच प्रकारात दुकानातला "काढून टाक, पुन्हा टाक" हा उपाय अंगाशी येतो. काढून टाकलं की नव्याने टाकताना प्ले स्टोअर म्हणू शकतं की हे ॲप तुमच्या फोनला चालत नाही. दार अडवणारं का होईना, जे होतं तेही गेलं. कंपनीने महिनाभरानंतर जुन्या फोनांसाठी किमान आकडा खाली आणला, तरी तुमच्याकडे आता उघडायला काही नाही. यूपीआयचं ॲप असेल तर पुन्हा टाकल्यावर नोंदणीही पहिल्यापासून करावी लागते. बँकेशी जोडलेल्या सिमवरून एसएमएस जाऊन फोन पुन्हा बांधला जातो, आणि ते सिम दुसऱ्याच फोनमध्ये असेल किंवा त्यात बॅलन्स नसेल तर तिथेच गाडी थांबते.

काढून टाकणं खरोखर गरजेचं असतं ते एकाच ठिकाणी: ॲप मुळात प्ले स्टोअरवरून आलेलं नसेल तेव्हा. कोणीतरी व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे ॲपची थेट फाइल पाठवली, तीच टाकली. तिची सही कंपनीच्या सहीशी जुळत नसेल तर खरं अपडेट तिच्यावर बसूच शकत नाही. अशा वेळी ते ॲप काढून प्ले स्टोअरवरून नव्याने घ्यावं, आणि ते बँकेचं असेल तर बँकेला फोन करून पासवर्ड आणि पिन बदलावेत.

उलट बाजूनेही हीच सही तुमची राखण करते. "बँकेचं नवं अपडेट" म्हणून आलेली बनावट एपीके खऱ्या ॲपचंच पॅकेजनाव लावून आली तरी त्याच्यावर चढू शकत नाही. फोन App not installed as package conflicts with an existing package अशा अर्थाचा संदेश देऊन तिला परत पाठवतो. हा संदेश दिसल्यावर ती फाइल पाठवणारा माणूस फोनवर म्हणाला, "दादा, आधी जुनं ॲप काढून टाका, मग हे टाका," तर फोन कट करा. ते जुनं ॲप जागेवर असल्यामुळेच तर त्याची फाइल आत आलेली नाही.